माहिती सुरक्षा धोरण, परिच्छेद ७ (सुधारित): पासवर्ड आणि वैयक्तिक उपकरणे

‘कर्मचाऱ्यांनी शक्यतो मजबूत पासवर्ड वापरावेत व वैयक्तिक उपकरणांबाबत योग्य ती दक्षता घ्यावी’ हा पूर्वीचा मजकूर रद्द करून त्याऐवजी पुढील मजकूर लागू करण्यात येत आहे. ‘शक्यतो’ आणि ‘योग्य ती’ यांचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला, म्हणून यापुढे ‘बंधनकारक’ म्हणजे केलेच पाहिजे आणि ‘मनाई’ म्हणजे वरिष्ठांनी तोंडी सांगितले तरीही करायचे नाही, असाच अर्थ घ्यावा.

कार्यालयीन खात्याचा पासवर्ड किमान १५ अक्षरांचा असणे आणि तो अन्य कोणत्याही खात्यासाठी, विशेषतः खासगी ईमेल किंवा समाजमाध्यमांसाठी, वापरलेला नसणे बंधनकारक आहे. कारण एका संकेतस्थळावरून फुटलेले पासवर्ड दुसरीकडे लावून पाहणे ही खाती फोडण्याची नेहमीची पद्धत आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला पासवर्ड चालेल. चिन्हे आणि अंक घालण्याची सक्ती नाही. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची अटही काढून टाकली आहे, कारण त्यामुळे जुन्याच पासवर्डपुढे एक अंक वाढवण्यापलीकडे फारसे काही घडत नव्हते. तो फुटल्याचा संशय आल्यास मात्र त्याच दिवशी बदलणे बंधनकारक आहे. पासवर्ड कार्यालयाने दिलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्येच साठवावा. तो कागदावर लिहून ठेवण्यास, ब्राउझरमध्ये जतन करण्यास किंवा कोणालाही सांगण्यास मनाई आहे. माहिती तंत्रज्ञान कक्ष पासवर्ड किंवा ओटीपी कधीही विचारत नाही. विचारणारा कक्षाचे नाव सांगत असला तरी तो देऊ नये.

स्वतःच्या मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर कार्यालयीन ईमेल पाहायचा असल्यास ते उपकरण आधी कक्षाकडे नोंदवणे, त्यावर स्क्रीन लॉक ठेवणे आणि सुरक्षा अद्यतने उपलब्ध झाल्यापासून १४ दिवसांत घेणे बंधनकारक आहे. नोंदणीमुळे कक्षाला फक्त कार्यालयीन माहिती दुरून पुसता येते. खासगी छायाचित्रे आणि संदेश कक्षाला दिसत नाहीत व पुसताही येत नाहीत. रूट केलेले, म्हणजे निर्मात्याने घातलेल्या सुरक्षा-मर्यादा काढून टाकलेले, उपकरण वापरण्यास, नोंदवलेल्या उपकरणातील कार्यालयीन खाते घरातील इतरांना हाताळू देण्यास, कार्यालयीन फाइली खासगी क्लाउडवर किंवा पेन ड्राइव्हवर घेण्यास आणि त्या खासगी संदेश-अ‍ॅपवरून पाठवण्यास मनाई आहे. कार्यालयाच्या संगणकाला मोबाइल जोडण्यासही, मग तो केवळ चार्जिंगसाठी का असेना, मनाई आहे.

नोंदवलेले उपकरण हरवल्यास, चोरीस गेल्यास किंवा संशयास्पद दुव्यावर पासवर्ड टाकला गेल्यास एका तासाच्या आत, सुट्टीच्या दिवशीही, कक्षाच्या मदतवाहिनीला कळवणे बंधनकारक आहे. स्वतःहून वेळेत कळवणाऱ्यावर त्या चुकीसाठी कारवाई होणार नाही. ती लपवल्यास होईल. कामाच्या गरजेमुळे यांपैकी एखादी अट पाळणे अशक्य असल्यास विभागप्रमुखांमार्फत कक्षाकडे लेखी अर्ज करावा. लेखी परवानगी मिळेपर्यंत, आणि तिची मुदत संपल्यानंतर, वरील सर्व अटी लागू राहतील.