वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज (डामा): नोंद व संमतिपत्र

आंतररुग्ण विभाग, पुरुष वॉर्ड, खाट क्र. १४, सांगली
दिनांक: ११ डिसेंबर २०२४, बुधवार. नोंद सुरू केल्याची वेळ: दुपारी ४:५०
रुग्ण: पुरुष, वय ४६, वजन ६२ किलो, व्यवसाय शेती, तालुका पलूस. पूर्ण नाव, पत्ता व फोन केसपेपरच्या पहिल्या पानाप्रमाणे.
सोबत: पत्नी, धाकटा भाऊ, वडील
एमएलसी: दाखल करताना नोंद केली आहे. रुग्ण सल्ल्याविरुद्ध जात असल्याची सूचना पोलीस चौकीला आज ५:०५ वाजता दिली.

आजार व आतापर्यंतचे उपचार

काल, १० डिसेंबरला संध्याकाळी साधारण ६:३० वाजता उसाला पाणी पाजताना उजव्या घोट्याच्या वर साप चावला. भावाने मोबाईलवर काढलेला फोटो मी पाहिला. अंगावर साखळीसारखे ठिपके आहेत, घोणस आहे. रुग्ण ८:१० ला आमच्याकडे पोहोचला. वाटेत कुठे थांबले नाहीत, पायाला आवळून बांधले नाही, जखम कापली नाही. हे त्यांनी फार चांगले केले.

आल्यावर काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवलेले रक्त गोठले नाही. ८:४५ ला सर्पविषरोधक लशीच्या १० बाटल्या सुरू केल्या. रात्री ३ वाजता पुन्हा तपासले, तेव्हाही रक्त पातळच होते, म्हणून आणखी १० बाटल्या दिल्या. आज सकाळी १०:१५ ला रक्त गोठले, दुपारी ४:१५ लाही गोठले. त्यानंतर धनुर्वाताचे इंजेक्शन दिले.

काळजी मूत्रपिंडाची आहे. क्रिएटिनिन आल्यावर १.१ होते, आज दुपारी १.७ आले. मागच्या सहा तासांत लघवी फक्त १४० मिली झाली. या वजनाच्या माणसाला तासाला किमान ३० मिली तरी व्हायला हवी. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा आहे. प्लेटलेट ७८ हजार. सूज सकाळी घोट्याशी होती, आता निम्म्या पोटरीपर्यंत चढली आहे. पायाची बोटे हलतात, नाडी लागते.

जाण्याचे कारण, रुग्णाच्याच शब्दांत

“डॉक्टरसाहेब, आठ दिस मुकादमाच्या मागं हिंडलो तवा टोळी आली. उद्या पहाटं कोयता लागणार. आज टोळी परत गेली की म्हैनाभर येत न्हाई, ऊस वाळून जातोय. रक्त गोठतंय न्हवं आता? मग मी बरा हाय.”

पैशाची अडचण आहे का, आमच्या वागण्यात काही खटकले का, घरच्यांचा दबाव आहे का, हे मी तिन्ही वेगवेगळे विचारले. तिन्हींना ‘न्हाई’ असे उत्तर आले. पत्नीला जायचे नाही, हे तिने स्पष्ट सांगितले. तिचे म्हणणे इथे लिहावे असे तिनेच सांगितले, म्हणून लिहिले.

निर्णय घेण्याची क्षमता

रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे. पापण्या पडत नाहीत, बोलणे स्पष्ट आहे. तारीख, वार, आपण कुठे व का आहोत हे बरोबर सांगतो. दारू प्यायलेला नाही, झोपेचे किंवा गुंगीचे औषध दिलेले नाही. स्वतःचा निर्णय घेण्यास तो सक्षम आहे असे माझे मत आहे. निर्णय मला पटलेला नाही, पण न पटणे आणि अक्षम असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

समजावून सांगितलेले धोके

४:५५ ते ५:३० या वेळेत, खाटेजवळ बसून, मराठीत, पत्नी, भाऊ व वॉर्डच्या सिस्टरसमोर सांगितले. ते असे:

“दादा, रक्त दोनदा गोठले हे खरे आहे. पण चावलेल्या जागेतून विष हळूहळू सुटत राहते. लशीचा जोर ओसरला की रक्त पुन्हा पातळ होऊ शकते, म्हणून आम्ही दर सहा तासांनी नळी लावतो. घरी ती नळी लावणारे कोणी नाही. हिरड्यातून, नाकातून, लघवीतून रक्त येऊ शकते. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर घरून इथवर पोहोचायलाही वेळ मिळणार नाही.

दुसरे, मूत्रपिंड. घोणशीच्या विषाने ते बंद पडू शकते, आणि तुमच्या तपासणीत त्याची सुरुवात दिसते आहे. लघवी कमी झाली तरी माणसाला काही दुखत नाही, म्हणून कळत नाही. अंगावर सूज, उलट्या, धाप हे सगळे उशिरा येते. तोवर डायलिसिसची वेळ आलेली असते. काहींचे मूत्रपिंड पुन्हा चालू होते, काहींचे होत नाही. इथे राहिलात तर सलाईन किती द्यायचे, कधी थांबवायचे, डायलिसिस लागेल का, हे वेळेत ठरवता येते.

तिसरे, पाय. सूज वाढून आतला दाब वाढला तर रक्तपुरवठा तुटतो, मांस सडते, ऑपरेशन लागते, पाय गमावायची वेळ येऊ शकते. उद्या चिखलात उभे राहिलात तर जखमेत जंतू जाण्याची भीती वेगळीच.

या सगळ्यात जीव जाऊ शकतो. मी घाबरवायला सांगत नाही, जे होऊ शकते तेच सांगते.”

नंतर त्यांना त्यांच्या भाषेत परत सांगायला लावले. रुग्ण म्हणाला: “रगात परत पातळ हुईल, किडनी बंद पडंल, पाय जाईल, जीवबी जाईल. समाजलं. तरी तोड झाल्याबिगर माझं मन इथं लागणार न्हाई.” त्यांना समजले आहे, असे मी मानते.

सुचवलेले पर्याय

किमान उद्या संध्याकाळपर्यंत थांबावे, भावाने फडात उभे राहावे, असे सुचवले. समाजसेवा अधीक्षकांनी भावाच्या फोनवरून कारखान्याच्या चिटबॉयशी बोलून तोड एक दिवस पुढे ढकलता येईल का विचारले. टोळीचा पुढचा फड ठरलेला आहे, असे उत्तर आले. भाऊ एकटा तोड बघायला तयार होता. रुग्णाने नकार दिला, कारण शेताच्या बांधावरून दोन घरांत वाद आहे आणि भावाला तिथे एकटे ठेवायचे नाही. हवे असल्यास सांगली सिव्हिलला रुग्णवाहिकेने हलवण्याची तयारी दाखवली, तीही नाकारली. शेवटी, रात्र इथे काढून पहाटे ४ ची नळी झाल्यावर जावे, एवढे तरी मागितले. तेही मान्य झाले नाही.

घरी जाताना दिलेल्या सूचना

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पत्नीच्या हातात दिल्या. लघवी मापाच्या डब्यात धरायची आणि वेळ टाकून लिहायची. डबा वॉर्डातून दिला आहे. कुठूनही रक्त, काळी संडास, जोराची डोकेदुखी, उलट्या, धाप, सहा तास लघवी नाही, सूज गुडघ्याच्या वर, बोटे गार किंवा बधिर, यातले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून निघायचे. दुखले तर फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घ्यायचे नाही. गावातल्या दवाखान्यात दंडाला किंवा कमरेला इंजेक्शन टोचून घ्यायचे नाही. झाडपाला, लेप, पट्टी बांधणे नाही. पाय उशीवर, फडात उतरणे नाही, बांधावर खुर्ची टाकून बसावे. पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप, अंगावर पित्त, सांधे दुखणे सुरू झाले तर ती लशीची उशिराची प्रतिक्रिया असू शकते, दाखवायला यावे.

उद्या, १२ डिसेंबरला सकाळी ९ वाजता रक्त व लघवी तपासणीसाठी यायचे आहे. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांच्या प्रती व औषधांची चिठ्ठी दिली. संपूर्ण केसपेपरची प्रत अर्ज केल्यास ७२ तासांत मिळेल.

रुग्णाचे निवेदन

मी खाली सही करणारा रुग्ण सज्ञान आहे व शुद्धीवर आहे. मला घोणस चावल्याचे, माझ्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागल्याचे आणि अजून रुग्णालयात राहण्याची गरज असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. रक्त पुन्हा पातळ होणे, रक्तस्राव, मूत्रपिंड निकामी होणे, डायलिसिस, पाय गमावणे व मृत्यू हे धोके मला मराठीत समजावले. माझे प्रश्न विचारले, उत्तरे मिळाली. तरीही शेतातल्या तोडीसाठी मी स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जात आहे. माझ्या या जाण्यामुळे जे घडेल त्याची जबाबदारी माझी आहे. मला बिलासाठी अडवलेले नाही, सहीसाठी धमकावलेले नाही. मी केव्हाही परत आलो तर मला दाखल करून घेतले जाईल, हे मला सांगितले आहे. हा कागद मला वाचून दाखवला, मग मी सही केली.

रुग्ण: (सही) ५:५० वाजता

पत्नी: “मला सगळे समजले. मी थांबा म्हणाले होते. सूचनांचा कागद व डबा माझ्याकडे आहे.” (सही) ५:५२

वडील: लिहिता येत नसल्याने वाचून दाखवून अंगठा घेतला. (अंगठा) ५:५४

साक्षीदार १, रुग्णाचा भाऊ: वरील बोलणे माझ्यासमोर झाले. वडिलांचा अंगठा माझ्यासमोर उमटवला. (सही) ५:५५

साक्षीदार २, वॉर्ड सिस्टर, दुपारची पाळी: (सही) ५:५६

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे निवेदन

वरील धोके मी स्वतः समजावले आहेत. रुग्णाने थांबावे हा माझा सल्ला आत्ताही कायम आहे. या सहीने तो आमचा रुग्ण राहिला नाही असे होत नाही, आणि आतापर्यंतच्या उपचाराची आमची जबाबदारीही पुसली जात नाही. विभागप्रमुखांशी ५:३५ ला फोनवर बोलले, त्यांनाही हेच मत सांगितले.

उपचार करणाऱ्या डॉक्टर, मेडिसिन विभाग: (सही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का) ५:५८

जाताना

६:१० ची स्थिती: नाडी ९२, रक्तदाब ११८/७६, श्वास १८, ऑक्सिजन ९८ टक्के. कुठूनही रक्तस्राव नाही. सलाईनची सुई काढून जागा दहा मिनिटे दाबून धरली, रक्त थांबले. ६:२५ ला व्हीलचेअरवरून भावाच्या गाडीपर्यंत नेले. पाय मागच्या सीटवर उशीवर ठेवला.
सिस्टर: (सही)

पुढील नोंद, ११ डिसेंबर, रात्री १०:४०

ठरल्याप्रमाणे वॉर्डातून पत्नीला फोन केला. निघाल्यापासून लघवी एकदाच, डब्यात ४० मिली, रंग तसाच. उलटी एक. तातडीने परत आणण्यास सांगितले. रुग्ण फोनवर आला, पुन्हा समजावले. “येतो, भाऊ बघंल फड,” असे म्हणाला. अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवण्यास व डायलिसिस तंत्रज्ञांना कळवण्यास सांगितले.
रात्रपाळीचे डॉक्टर: (सही)

१२ डिसेंबर, मध्यरात्रीनंतर १२:३५

रुग्ण पत्नीसह परत आला. शुद्धीवर आहे. नव्या केसपेपरवर दाखल केले, हा कागद त्याला जोडला. नळी लावली आहे, वेळ १२:४०.
रात्रपाळीचे डॉक्टर: (सही)