अपघात लपवून जुनी गाडी विकल्याबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

फोंडा, गोवा
दिनांक : २१ जुलै २०२५
(स्पीड पोस्टाने व व्हॉट्सॲपवर)

प्रति,
मालक, जुन्या मोटारगाड्यांचा शोरूम,
पर्वरी, बार्देश, गोवा

विषय : दि. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी विकलेली पांढरी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ सालचे मॉडेल, म्हापसा नोंदणी (जीए-०३). अपघात लपवल्याने व्यवहार रद्द करणे किंवा किंमत कमी करणे.

महोदय,

वरील गाडी मी आपल्याकडून ४,८५,००० रुपयांना घेतली. त्यातले तीन लाख पतसंस्थेचे कर्ज, बाकीचे माझ्या साठवणुकीतले. गाडीला अपघात झाला होता, एवढीच माझी तक्रार असती तर हे पत्र लिहिले नसते. जुनी गाडी म्हटली की कुठे ना कुठे ठोकलेली असायचीच. तक्रार अशी आहे की मी स्पष्ट विचारले आणि मला स्पष्ट "नाही" सांगण्यात आले.

आपण ५,१०,००० सांगत होता. मी साडेचारवर अडून होतो. तेव्हा आपल्या सेल्समनने, "बंपरवर एक ओरखडा सोडला तर गाडीला काही झालेलं नाही, म्हणून तर हा भाव," असे सांगितले आणि मी पस्तीस हजार वर चढलो. त्याच रात्री मी व्हॉट्सॲपवर विचारले, "ॲक्सिडेंट वगैरे नाही ना?" उत्तर आले, "नाही सर, नॉन-ॲक्सिडेंटल, गॅरंटी." डिलिव्हरी नोटवरही "नॉन-ॲक्सिडेंट" असे हाताने लिहून आपला शिक्का मारलेला आहे. हा भाव ठरला तो याच शब्दांवर.

फेब्रुवारी ते मे गाडी चांगली चालली. १४ जूनच्या पावसात मात्र ड्रायव्हरच्या पायांखालचे मॅट चिंब झाले. दार नीट लागत नसेल असे वाटले. फोंड्याच्या मेकॅनिकने कार्पेट उचलले आणि मला वाकून बघायला सांगितले. डाव्या बाजूला पत्र्याच्या जोडावर कंपनीच्या वेल्डिंगचे एकसारखे ठिपके आणि वर सीलंटची सरळ रेघ होती. उजव्या बाजूला ठिपके नव्हतेच. तिथे हाताने मारलेल्या वेल्डिंगची ओबडधोबड वळी होती, तिच्यावर बोटाने थापलेला सीलंट आणि सीलंटला पडलेली चीर. पाणी तिथूनच येत होते. उजव्या ॲप्रनचीही हीच स्थिती. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांचा रंग पान्याने सोललेला. रंगाची जाडी मोजली तर छतावर १२० मायक्रॉनच्या आसपास, उजव्या फेंडरवर ६४०. म्हणजे खाली पुट्टी.

मला झोप लागली नाही ती पुढच्या गोष्टीने. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. या गाडीत तो स्वतंत्रपणे पेटतच नाही, त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवली आहे. स्टिअरिंगचे कव्हर काढले तर आत एअरबॅगच नाही. चार महिने मी या गाडीतून बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन फिरलो.

आरसी दाखवून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा इतिहास काढला. सप्टेंबर २०२३ मध्ये पुढून उजव्या बाजूला मोठी धडक, एअरबॅग उघडलेली आणि दुरुस्तीचा २,१०,००० रुपयांचा अंदाज. ते काम तिथे झालेच नाही, गाडी ओढून दुसरीकडे नेल्याची नोंद आहे. ही माहिती मला अर्ध्या तासात मिळाली. रोज गाड्यांचाच धंदा करणाऱ्याला ती मिळाली नसती, हे पटत नाही.

२ जुलैला फोनवर आपण म्हणालात, "मागच्या मालकाने आम्हालाही सांगितलं नाही." दिव्याची वायर आपणच फिरवली असा आरोप मी करत नाही, तो पुरावा माझ्याकडे नाही. पण माहीत नव्हते, तर "गॅरंटी" कशाच्या जोरावर लिहिलीत? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ ते १९ प्रमाणे फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीने मिळवलेल्या संमतीवरचा करार ती संमती देणाऱ्याला रद्द करता येतो. "गाडी बघून घेतलीत ना" हे उत्तरही चालणार नाही. दुकानात उभ्या गाडीचे कार्पेट आणि स्टिअरिंग कोणी गिऱ्हाईक उखडून बघत नाही. डिलिव्हरी नोटच्या मागे बारीक अक्षरात "जशी आहे तशी" छापले आहे, पण पुढच्या बाजूला आपल्याच हाताने "नॉन-ॲक्सिडेंट" लिहिलेले आहे.

माझी पहिली मागणी व्यवहार रद्द करण्याची आहे. किंमत ४,८५,०००, ट्रान्स्फर आणि विम्याचा खर्च २१,४०० व तपासणीचे ३,५०० मिळून ५,०९,९०० रुपये होतात. गाडी मी २,८२५ किलोमीटर वापरली, त्याचे १५,००० वजा करून ४,९४,९०० रुपये द्यावेत. त्यातून पतसंस्थेची बाकी थेट तिच्या खात्यात भरावी, उरलेली रक्कम मला. पतसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि सही केलेले फॉर्म २९, ३० व ३५ मी देईन. ३० जूनपासून गाडी शेडमध्ये उभी आहे, फोंड्याहून ती आपण न्यायची.

हे जमत नसेल तर किंमत १,४५,००० रुपयांनी कमी करून तेवढी रक्कम परत करावी. एअरबॅग व वायरिंगचे ६२,००० आणि ॲप्रन व गळतीच्या दुरुस्तीचे २८,००० मेकॅनिकच्या लेखी अंदाजाप्रमाणे आहेत. उरलेले ५५,००० ही गाडीच्या भावातली घट. म्हापसा आणि मडगावच्या दोन विक्रेत्यांना अहवाल दाखवला, एकाने ५५ आणि दुसऱ्याने ७० हजार कमी सांगितले. मी कमीचा आकडा धरला आहे. एअरबॅग "बसवून देतो" हा फोनवरचा तोडगा मात्र मान्य नाही, ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच होईल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. दुकान पर्वरीला असले तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि फोंडा तालुका दक्षिण गोव्यात येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीही लागत नाही. मग मनस्ताप आणि खर्चाची भरपाई वेगळी मागीन. मधल्या काळात गाडी बघायची असेल तर आदल्या दिवशी कळवून या. कार्पेट आणि स्टिअरिंगचे कव्हर काढलेलेच ठेवले आहे.

आपला,
सुहास गावकर

सोबत : डिलिव्हरी नोट, व्हॉट्सॲप संदेश, मेकॅनिकचा अहवाल व अंदाजपत्रक, फोटो आणि सर्व्हिस सेंटरची नोंद यांच्या प्रती. मूळ कागद माझ्याकडे आहेत.