मृण्मयी आणि ओंकार यांचं रीडिंग : फोर ऑफ वाँड्स, टेन ऑफ पेंटॅकल्स

मृण्मयी, ओंकार,

तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत आधी लिहिते : "फेब्रुवारीतलं लग्न आणि वाकडचा फ्लॅट दोन्ही एकदम झेपेल का, आणि ते घर आपलं वाटेल का?" टॅरोची दोनच कार्डं काढली. लग्नाच्या जागी फोर ऑफ वाँड्स, घराच्या जागी टेन ऑफ पेंटॅकल्स, दोन्ही सरळ. डेक रायडर-वेटचा, म्हणजे पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ साली चितारलेला.

लग्नाचं कार्ड गोड आहे, त्यावर फार बोलत नाही. चार काठ्या रोवलेल्या, त्यांवर फुलापानांची माळ, मागे पुष्पगुच्छ उंचावणारे दोघं, आणखी मागे वाडा आणि त्याकडे नेणारा पूल. आपल्या मुहूर्तमेढीची आठवण व्हावी असंच चित्र. हा डेक ज्यांच्या कल्पनेतून आला त्या आर्थर वेट यांनी याला विसावा, सलोखा, भरभराट असे अर्थ दिलेत. कार्ड उलटं आलं तरी अर्थ बदलत नाही असंही त्यांनी लिहून ठेवलंय. एवढी सवलत फार थोड्या कार्डांना मिळते. तेव्हा लग्न होईल का, लोक आनंदाने येतील का, ही काळजी सोडा.

पण या मांडवाला छप्पर नाही, भिंती नाहीत. राहायची जागा मागे आहे, पुलापलीकडे. गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्येच्या मंडळाच्या परंपरेत हे कार्ड मेषेतल्या शुक्राचं. शुक्र म्हणजे हौस, मेष म्हणजे घाई. सातशे पानं, दोन दिवसांचा हॉल, संगीत, ड्रोन ही सगळी यादी तुम्ही मला एका दमात सांगितलीत, आणि फ्लॅटच्या डाउन पेमेंटचा आकडा मात्र मला तीनदा विचारावा लागला. मृण्मयी, हौस करू नका असं मी म्हणत नाही. हौसेसाठी घराच्या पैशाला हात लावू नका, एवढंच म्हणते.

आता टेन ऑफ पेंटॅकल्स. नुसता पैसा दिसतो म्हणून लोक या कार्डावर खूश होतात. वेट मात्र धनलाभाच्या जोडीने कुटुंबाचे विषय, कुळाचं मूळ, जुनी दप्तरं आणि घराण्याचं राहतं घरही सांगतात. चित्र नीट बघा. कमानीखाली एक जोडपं बोलतंय. त्यांच्यामागून डोकावणारं मूल कुत्र्याला हात लावतंय. आणि कमानीबाहेर, अगदी पुढे, द्राक्षांच्या वेलांचं भरजरी वस्त्र पांघरलेला म्हातारा बसलाय. दोन्ही कुत्री त्याच्याकडे बघतायत, जोडप्याचं लक्ष नाही. दहा नाणी कबाला या ज्यू गूढविद्येतल्या जीवनवृक्षासारखी चित्रभर पसरलेली, त्यांकडेही कोणी बघत नाही.

ओंकार, इथे मला तुझे आजोबा दिसले. राजापूरजवळची आमराई विकून फ्लॅटला पैसे देतो म्हणाले, असं तू जाता जाता बोललास आणि पुढच्या विषयाला गेलास. त्यावर थांब. ती जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे की काकांचाही हिस्सा आहे? सात-बारा कोणी पाहिलाय? आणि त्यांना खरंच विकायची आहे, की नातवाचं लग्न म्हणून म्हणाले? त्याच परंपरेत हे कार्ड कन्येतल्या बुधाचं. आपल्या पत्रिकेतही कन्येचा बुध उच्चीचा धरतात. बुध म्हणजे हिशोब, सह्या, कागद. इथे वकील लागेल, मी नाही. आणि हेच कार्ड उलटं आलं असतं तर वेट त्यात नुकसान, जुगार आणि हुंडासुद्धा वाचतात. कोणाचा पैसा कोणत्या नात्याने येतोय, हे उघड बोललं नाही की तो पुढे टोमणा होऊन परततो. मृण्मयीच्या बाबांनी देऊ केलेल्या फर्निचरलाही हेच लागू.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर उत्तर होकाराचं आहे, पण क्रम सांगणारं. चारातला पूल दहाच्या कमानीशी पोचतो. आधी फ्लॅटचं बुकिंग आणि कर्जाची मंजुरी हातात घ्या, करारावर दोघांची नावं घाला, मग उरलेल्यात मांडव बसवा. सातशेचे तीनशे झाले तर चार नातेवाईक रुसतील. फोर ऑफ वाँड्सला त्याने काही होत नाही. मुहूर्त गुरुजींना विचारा, तारीख टॅरोत शोधू नका.

घर आपलं वाटेल का, याला कार्डाचं उत्तर जरा अवघड आहे. त्यातलं घर फक्त दोघांचं नाही, तीन पिढ्यांचं आहे. वाकडच्या टू बीएचकेत आजोबा आले तर कुठे झोपतील, हे तुम्ही दोघांनी अजून बोललेलंच नाही. मी विचारलं तेव्हा दोघंही हसलात.

तिसरं कार्ड मी मुद्दाम काढलेलं नाही. या रविवारी राजापूरला जाऊन या, दोघंही. आजोबांशी बोलणं झालं की फोन करा. तेव्हाही प्रश्न उरला असेल तर काढू.