सुपरविजन नोंद क्र. ६ : नात्यातले तडे, ते सांधण्याचे प्रयत्न आणि शिकण्याची उद्दिष्टं

तारीख : मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८ ते ९
ठिकाण : समुपदेशन केंद्र, विश्रामबाग, सांगली
प्रशिक्षणार्थी : पहिलं वर्ष, सध्या हाती पाच क्लायंट
आज घेतलेली केस : द्रा-३ (नाव, गाव, आडनाव नोंदीत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)
आधार : १४ नोव्हेंबरच्या सहाव्या सत्राचं ध्वनिमुद्रण, २२ ते ३४ मिनिटं. क्लायंटची लेखी मराठी संमती फाइलमध्ये आहे. ऐकून झाल्यावर मुद्रण दोघींसमोर पुसलं.
नोंद कुणाची : सुपरवायझरने लिहिली, प्रशिक्षणार्थीने वाचून शेवटी आपलं म्हणणं जोडलं. यापुढच्या नोंदी याच क्रमाने ठेवायच्या. ज्या रकान्यात काही घडलं नसेल तिथे एक ओळ पुरे. भरायचं म्हणून भरू नये.

१. केस थोडक्यात

वय ४४, तासगाव तालुक्यात घरची द्राक्षबाग, एकत्र कुटुंब. मिरजेच्या फिजिशियननी पाठवलं: झोप नाही, अंगदुखी, तपासण्या नॉर्मल. पहिलं सत्र १० ऑक्टोबरला, त्यानंतर दर शुक्रवारी. सोबत जाऊबाई येतात आणि बाहेर बाकावर बसतात. ठरलेलं काम: दिवसाची नोंदवही आणि बंद पडलेल्या दोन आवडत्या गोष्टी पुन्हा सुरू करणं.

२. आकडे आणि त्यांच्याबद्दल शंका

पीएचक्यू-९ : पहिल्या सत्रात १४, पाचव्यात ९.
सत्राबद्दलच्या मताची पट्टी (एसआरएस, ४० पैकी) : पहिल्यात ३५, तिसऱ्यात ३६, पाचव्यात ४०.

तू हे आकडे आनंदाने दाखवलेस. मला पाचव्या सत्राचे ४० पाहून काळजी वाटली. ३६ च्या खाली गुण आले की आपण थांबून विचारतो, पण पूर्ण गुण आले तरी विचारायला हवं. त्याच सत्रात नोंदवही कोरी आली, बोलणं निम्म्यावर आलं, आणि चौथ्या सत्रापर्यंत तुला 'पोरी' म्हणणाऱ्या बाई तुला 'मॅडम' म्हणू लागल्या. आपल्याकडे समोर बसलेल्या शिकलेल्या माणसाच्या हातात कमी गुण देणं हा उद्धटपणा समजला जातो. पट्टी भरताना तू खोलीत असतेस. पुढच्या वेळी ती केंद्राच्या काउंटरवर भरून घे, आणि विचारायचं एवढंच: 'आज कुठलं बोलणं नको होतं असं वाटलं?'

३. तड्यांची नोंद

*तडा १. पाचवं सत्र, ७ नोव्हेंबर. प्रकार : माघार.*

काय घडलं: नोंदवही कोरी. कारण दिलं, 'बागंत डिपिंगचं चाललंय, येळच न्हाई.' कारण खरं आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर या दिवसांत बागेत बाईमाणसाला उसंत नसते. पण पुढची २० मिनिटं प्रत्येक प्रश्नाला 'व्हय मॅडम', 'बरं हाय मॅडम', 'तुमी सांगताय ते खरंच हाय.'
तेव्हा लक्षात आलं का: नाही. तू प्रक्रिया-नोंदीत लिहिलंस, 'सहकार्य चांगलं.'
दुरुस्तीचा प्रयत्न: नोंदवही सोपी करून दिलीस. कामाबद्दलची अडचण असती तर हे योग्य होतं. बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयांवर एकमत, कामांवर एकमत, आणि आपुलकीचा बंध. तू कामाचा धागा ओढून पाहिलास. ढिला पडला होता तो बंधाचा.
स्थिती: उघडा.

*तडा २. सहावं सत्र, १४ नोव्हेंबर, २४ वं मिनिट. प्रकार : सामना.*

मुद्रणातून जसंच्या तसं:

क्लायंट : लगीन झालंय का तुमचं?
प्रशिक्षणार्थी : नाही, पण माझं शिक्षण याच विषयात झालंय, आणि मॅडम माझ्या कामावर लक्ष ठेवून असतात.
क्लायंट : (थांबून) तसं न्हाई ओ. आपलं इचारलं.
प्रशिक्षणार्थी : हो हो, काही हरकत नाही. तर आपण कुठे होतो?

पहिला प्रयत्न फसला. बाईंनी दार जरा ढकललं होतं, तू पदवी पुढे केलीस. त्यांना तुझी पात्रता तपासायची नव्हती. घरात दोन बायकांमध्ये राहणं काय असतं हे हिला कळेल का, हा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. 'नाही झालं' एवढं म्हणून 'असं का वाटलं विचारावंसं?' इतकं पुरलं असतं.

दुसरा प्रयत्न, २९ वं मिनिट. हा मला आवडला आणि तुझ्या नोंदीत तू तो लिहिलाच नाहीस:

प्रशिक्षणार्थी : काकू, मघाशी मी घाईने उत्तर दिलं. तुम्हाला दुसरंच काही विचारायचं होतं का?
क्लायंट : (बराच वेळ गप्प) तुमचं काय न्हाई. पन ह्या खोलीतलं भाईर जातंय.
प्रशिक्षणार्थी : हं... समजू शकते. आज आपण तो श्वासाचा सराव करूया का?

पाच मिनिटं आधीची गोष्ट स्वतःहून परत काढणं पहिल्या वर्षात फार थोड्यांना जमतं. त्याचंच फळ म्हणून बाई सगळ्यात खरं वाक्य बोलल्या. आणि तिथेच श्वासाचा सराव आला. मुद्रण थांबवून मी विचारलं, 'बाहेर काय गेलं?' तू म्हणालीस, त्या गावातल्या कुजबुजीबद्दल बोलत असतील. मग बराच वेळ गेला, आणि तुला बाहेरचा बाक आठवला.

*तडा ३ (क्रमाने पहिला, आज सापडला). ३१ ऑक्टोबर, चौथ्या सत्रानंतर, बाहेरचा पॅसेज.*

जाऊबाईंनी विचारलं, 'लागती का झोप आता हिला? सासूचं मनावर घेती लई.' तू मान डोलावून म्हणालीस, 'सुधारतंय. बोलतायत आता मोकळं.' क्लायंट दोन पावलांवर चप्पल घालत होती.

तुझ्या मनात आपलेपणा होता, आणि सांगलीत कुणी काळजीने विचारलं तर उत्तर न देणं तुटक दिसतं. पण 'मोकळं बोलतायत' या दोन शब्दांत जाऊबाईंना कळलं की सासूबद्दल बोलणं झालंय. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे गोपनीयता हा क्लायंटचा हक्क आहे. काळजीने विचारणारं नातलग त्यातून सुटत नाही. हा प्रसंग केंद्राच्या गोपनीयता वहीत आजच नोंदवायचा, त्यावर माझी सही.

पहिले दोन तडे याच्यातून निघाले. सॅफ्रन आणि म्युरन तड्यांचे माघार आणि सामना असे दोन प्रकार मानतात. इथे एकच दुखणं आधी एका आणि मग दुसऱ्या रूपात आलं. सामना झाला हे माझ्या मते चांगलं लक्षण आहे. ज्यांना परत यायचं नसतं ते भांडत नाहीत, फक्त यायचे थांबतात.

४. जोखीम

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) दोन्ही वेळा शून्य. चौदावरून नऊवर आलेल्या गुणांवर जसा माझा विश्वास नाही, तसा पाचव्या सत्रातल्या या शून्यावरही नाही. इथलं बोलणं घरी पोचतं असं वाटणारी बाई तिथे दुसरं काही लिहिणार नाही. २१ तारखेला तोंडी विचार, आडवळण न घेता: 'जगायचाच कंटाळा आलाय, मरून जावं, असं मनात येतं का?' उत्तर 'नाही' आलं तरी फवारणीची औषधं घरात कुठे असतात, किल्ली कुणाकडे असते हे विचार. बागायतदाराच्या घरी हा प्रश्न चुकवायचा नाही. 'हो' आलं तर सत्र संपवायच्या आत मला फोन. मी केंद्रातच असेन. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर त्यांना मोबाइलमध्ये साठवून दे, वेगळ्या नावाने हवा असेल तर तसा.

५. २१ नोव्हेंबरची दुरुस्ती : काय म्हणायचं

भूमिका बदलून सराव केला. मी क्लायंट झाले. तुझ्या पहिल्या फेरीत 'माझ्याकडून अनवधानाने झालं असेल तर क्षमस्व' असं आलं. त्यात 'असेल तर' नको, कारण झालंय. दुसऱ्या फेरीत स्पष्टीकरण लांबलं आणि शेवटी मीच, म्हणजे बाईच, तुझी समजूत घालायला लागले. तिसऱ्या फेरीतलं बोलणं ठेवू:

'काकू, मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, इथलं बाहेर जातं. मी तेव्हा ते ऐकून सोडून दिलं. त्या दिवशी बाहेर जाऊबाईंना तुम्ही मोकळं बोलताय असं मी सांगितलं. ते मी सांगायला नको होतं. त्यानंतर घरी काय झालं?'

आणि गप्प बसायचं. माफ केलं का, हे विचारायचं नाही. 'जाऊ द्या ओ, तुमचं काय न्हाई' असं म्हणाल्या तर तेही लगेच धरायचं नाही. 'माझं राहू दे, तुमच्यावर काय आलं?' असं परत विचारायचं. घरी खरंच बोलणी बसली असतील तर त्या दिवशी नोंदवही बाजूला. शेवटी दोघींनी ठरवायचं की जाऊबाईंनी विचारलं तर काय सांगायचं. ते शब्द क्लायंटचे असावेत.

बाई २१ तारखेला आल्याच नाहीत, तर काउंटरवरून फोन नको. तू स्वतः एकदाच कर, त्यांच्याच नंबरवर. दुसऱ्या कुणी उचलला तर केंद्राचं नाव न घेता ठेव.

६. शिकण्याची उद्दिष्टं

मागचं उद्दिष्ट (घरचं काम नीट समजावून देणं) : ते जमलंय, बंद करू.

अ) माघार ओळखणं. सध्याचं मुख्य काम हेच. होकार वाढले, हाक बदलली, उदाहरणं संपली, जाताना घाई झाली: यातलं काही दिसलं की वेळेसह टिपायचं. दर सुपरविजनला कुठल्याही क्लायंटची अशी एक जागा आणायची, तडा आहे की नाही याची खात्री नसली तरी. जानेवारीअखेर हे तुला सत्रातच कळू लागावं. मी दोन मुद्रणं ऐकून पाहीन.

आ) अस्वस्थ झाल्यावर तंत्राकडे न पळणं. श्वासाचा सराव तुझा आधार झालाय. तो सुचवायची घाई झाली की आधी क्लायंटचं शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत परत म्हण. 'समजू शकते' हे तूर्त बंद.

इ) सोबत आलेल्या माणसाशी बोलणं. पाचही क्लायंटच्या पुढच्या सत्रात, सोबतच्या नातलगासमोर क्लायंटला विचारून दोन वाक्यांत नियम सांगायचा. मुदत ५ डिसेंबर.

७. आपल्या दोघींतलं

पॅसेजचा प्रसंग तुला क्षुल्लक वाटला म्हणून सांगितला नाहीस, हे मला पटतं. पण दुसरा प्रयत्न, जो चांगला होता, तोही तू लिहिला नाहीस. विचारल्यावर म्हणालीस, 'मॅडम, सत्र ठरल्याप्रमाणे झालं नाही असं दिसलं असतं.' म्हणजे मलाही पट्टीवर ४० मिळत होते. पुढच्या वेळी पहिली पाच मिनिटं तू मला सांगायची: मागच्या सुपरविजनमध्ये काय खटकलं.

८. प्रशिक्षणार्थीचं म्हणणं

नोंद वाचली. कलम २ मधलं 'आनंदाने दाखवलेस' बरोबर आहे. एक दुरुस्ती: 'समजू शकते' म्हणताना मला खरंच वाईट वाटलं होतं, ते पोकळ नव्हतं; मात्र पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही. आणि एक खटकलं: मी पॅसेजचं सांगत असताना तुम्ही लगेच कायद्याचं कलम काढलंत, तेव्हा मला पुढचं बोलता आलं नाही. जाऊबाईंच्या जागी मला माझी आत्या दिसत होती, हे सांगायचं राहिलं.

*सुपरवायझर :* मान्य. २५ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता आधी आत्याबद्दल बोलू, मग २१ तारखेचं सत्र ऐकू.