तरंगफलन आणि अनिश्चितता : स्लाइड ४ ते १० सोबत वाचायचे टिपण

मागील दोन तासांत दाखवलेल्या स्लाइड वर्गाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. त्यांपैकी ४ ते १० या स्लाइडवर मजकूर कमी आणि आकृत्या जास्त असल्याने हे टिपण त्यांच्या शेजारी उघडून वाचावे. तासाच्या शेवटी तुमच्यापैकी अनेकांनी चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहून दिला होता : उपकरणे अधिक अचूक झाली, तर अनिश्चितता कमी होणार नाही का? हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तरंगफलन आणि अनिश्चितता हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असे स्लाइडच्या मांडणीवरून वाटते आणि तेथूनच हा प्रश्न उभा राहतो. प्रत्यक्षात स्लाइड ८ वरील असमानता स्लाइड ५ वरील वक्राच्या आकारातूनच निघते. हे उलगडून दाखवणे एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

स्लाइड ४ वर पडद्यावर उमटलेल्या ठिपक्यांची चार चित्रे आहेत. १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दोन फटींचेच काम करणाऱ्या एका विद्युत रचनेतून, एका वेळी जवळजवळ एकच इलेक्ट्रॉन जाईल इतक्या विरळपणे इलेक्ट्रॉन सोडले. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकाच बिंदूपाशी आदळतो. अर्धा इलेक्ट्रॉन कधीही सापडत नाही. पहिल्या चित्रातील मोजके ठिपके कसेही विखुरलेले दिसतात, परंतु ठिपक्यांची संख्या हजारोंच्या घरात गेल्यावर त्यांतून काळे-पांढरे पट्टे उभे राहतात. एकटा इलेक्ट्रॉन कोठे आदळेल हे सांगता येत नाही, मात्र कोठे तो सहसा आदळणार नाही हे ठरलेले असते. या ‘ठरलेले असण्या’ची नोंद जी राशी ठेवते, ती म्हणजे तरंगफलन, म्हणजेच ψ.

स्लाइड ५ वरील निळा वक्र हा ψ चा आलेख आहे. तो पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की हा वक्र म्हणजे इलेक्ट्रॉनचा मार्ग नव्हे. इलेक्ट्रॉन त्या रेषेवरून वरखाली हेलकावत जात नाही. दुसरी अशी की ψ सर्वसाधारणपणे संमिश्र संख्या असते आणि आकृतीत केवळ तिचा वास्तव भाग काढलेला आहे. १९२६ साली श्रोडिंगर यांनी ψ कसे बदलते याचे समीकरण दिले आणि त्याच वर्षी माक्स बॉर्न यांनी ψ चा अर्थ सांगितला : एखाद्या ठिकाणी ψ च्या परिमाणाचा वर्ग जितका मोठा, तितकी तेथे कण सापडण्याची संभाव्यता अधिक. स्लाइड ६ वरील लाल वक्र हा वर्ग दाखवतो. तो कधीही शून्याच्या खाली जात नाही आणि त्याखालील एकूण क्षेत्रफळ नेहमी १ असते, कारण कण कोठेतरी सापडणारच.

मग सरळ संभाव्यताच का वापरू नये, ψ चा वळसा कशासाठी? याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. एका फटीतून येणाऱ्या ψ चे मूल्य पडद्यावरील एका बिंदूपाशी १ आहे आणि दुसरीतून येणाऱ्याचे −१ आहे, असे समजा. आधी बेरीज करून मग वर्ग केला, तर शून्य येते आणि तेथे काळा पट्टा पडतो. दोन्ही मूल्ये १ असतील, तर बेरीज २ आणि वर्ग ४ येतो. आधी वर्ग करून मग बेरीज केली असती, तर दोन्ही ठिकाणी २ हेच उत्तर आले असते आणि पट्टे दिसलेच नसते. माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची बेरीज हीच आहे, म्हणून ती एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी.

आता स्लाइड ७. डाव्या बाजूला एकसारख्या लांबीच्या लाटांची दूरवर पसरलेली मालिका आहे, तर उजव्या बाजूला जेमतेम दोन हेलकाव्यांत विरून जाणारा तरंगपुंज आहे. द ब्रॉय यांनी १९२४ साली मांडलेल्या संबंधानुसार λ = h/p; येथे λ म्हणजे तरंगलांबी, p म्हणजे संवेग आणि h हा प्लँकचा स्थिरांक. म्हणजे तरंगलांबी माहीत असली की संवेग कळतो. डावीकडे लाटा भरपूर असल्याने तरंगलांबी नेमकी सांगता येते, पण कण कोठे आहे या प्रश्नाला नेमके उत्तर नाही. उजवीकडे कणाची जागा बरीचशी निश्चित आहे, पण दोनच हेलकाव्यांवरून तरंगलांबी कोणती म्हणावी? असा आखूड पुंज वेगवेगळ्या तरंगलांबींच्या अनेक लाटा एकत्र आल्याशिवाय तयारच होत नाही. त्या लाटा मध्यभागी एकमेकींना बळ देतात आणि बाहेर एकमेकींना नाहीशा करतात. ध्वनीतही हेच घडते : लांबवलेल्या स्वराची पट्टी ओळखता येते, टाळीची मात्र ओळखता येत नाही, आणि यात आपल्या कानांचा दोष नसतो.

स्लाइड ८ वर हीच गोष्ट सूत्ररूपाने आहे :

Δx · Δp ≥ ħ/2

हायझेनबर्ग यांनी १९२७ साली हा विचार मांडला आणि याच स्वरूपातील काटेकोर सिद्धता त्याच वर्षी केनर्ड यांनी दिली. येथे ħ म्हणजे h/2π. Δx म्हणजे एका मोजणीतील चूक नव्हे. अगदी एकसारख्या तयार केलेल्या असंख्य इलेक्ट्रॉनांपैकी काहींची जागा आणि उरलेल्यांचा संवेग मोजला, तर उत्तरे ज्या प्रमाणात विखुरतात, ते प्रमाण म्हणजे Δx आणि Δp. प्रत्येक मोजणी कितीही अचूक असली तरी हा विखुरलेपणा उरतो, कारण तो ψ च्या आकारातच आहे. चिठ्ठीवरील प्रश्नाचे उत्तर हेच.

स्लाइड ९ वरील, प्रकाश टाकून इलेक्ट्रॉनची जागा पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे चित्र म्हणूनच जपून वाचावे. प्रकाशाच्या धक्क्याने इलेक्ट्रॉनचा संवेग बदलतो हे खरे आहे. परंतु त्यावरून असा समज होतो की धक्क्यापूर्वी दोन्ही राशी नेमक्या होत्या आणि आपण त्या बिघडवल्या. अरुंद फटीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. फट जितकी अरुंद करावी, तितकी इलेक्ट्रॉनांची शलाका पलीकडे अधिक फाकते, कारण जागेवरील बंधनाबरोबर आडव्या दिशेच्या संवेगाचा पल्ला वाढतो.

परिणाम किती मोठा, हे स्लाइड १० वरील आकड्यांवरून कळेल. Δx ०.१ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकाराएवढा असेल, तर इलेक्ट्रॉनच्या वेगातील अनिश्चितता किमान सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर येते. याउलट एक मिलिग्रॅम वजनाच्या कणाची जागा एक मायक्रोमीटरपर्यंत निश्चित केली, तर वेगातील ही किमान अनिश्चितता इतकी अल्प असते की वर्षभरात तिच्यामुळे पडणारा फरक साधारण एका प्रोटॉनच्या व्यासाएवढाच भरतो.

त्याच स्लाइडच्या तळाशी हायड्रोजनचा अणू आहे. धन प्रभाराच्या ओढीने इलेक्ट्रॉन केंद्रकावर का कोसळत नाही, याचे कारण आता सांगता येते. इलेक्ट्रॉनला लहान जागेत कोंडावे तसा त्याच्या संवेगाचा पल्ला वाढतो, आणि त्यामुळे गतिज ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ओढीमुळे मिळणारी ऊर्जा मात्र केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे फार जवळ जाणे परवडत नाही, आणि एकूण ऊर्जा सर्वांत कमी असते ती सुमारे ०.०५३ नॅनोमीटर अंतरावर. तेथे इलेक्ट्रॉनची बंधन-ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते.