परिंचे येथील गट नं. 412 च्या जाहीर नोटिशीचा सारांश

सुमनताई, तुम्ही पाठवलेलं कात्रण आधी जसंच्या तसं उतरवतो. हरकतीत याच शब्दांना उत्तर द्यायचं आहे.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, तुकडी पुणे, पोटतुकडी तालुका पुरंदर, मौजे परिंचे येथील गट नं. 412, एकूण क्षेत्र 1 हे. 20 आर, पैकी पूर्वेकडील 0 हे. 40 आर, यांसी चतुःसीमा : पूर्वेस ओढा, दक्षिणेस गट नं. 415, पश्चिमेस याच गटातील उर्वरित क्षेत्र, उत्तरेस शिवरस्ता. ही मिळकत त्यातील विहीर व विद्युत मोटारीसह श्री. दत्तात्रय बबन शेलार यांच्या मालकी वहिवाटीची असून, ती निर्वेध व बोजारहित असल्याचा भरवसा देऊन त्यांनी ती आमच्या अशिलांस कायम खरेदी देण्याचे कबूल केले आहे. तरी सदर मिळकतीवर कोणाचाही वारसा, गहाण, दान, पोटगी, कुळ अगर अन्य हक्क असल्यास, ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 14 दिवसांचे आत मूळ कागदपत्रांसह आमचेकडे लेखी हरकत घ्यावी. तसे न झाल्यास असा हक्क सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल."

विकणारा. एकटे दत्तात्रय, म्हणजे तुमचे भाऊ. नोटीस मात्र खरेदीदाराच्या वकिलांनी दिली आहे. खरेदीदाराचं नाव आणि रक्कम त्यात नाही. अशा नोटिशीत बहुधा नसतेच. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून भाऊ आहेत, तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण 'इतर हक्क' रकान्यात आहात. त्यामुळे "एकट्याची मालकी" हे विधान सातबाऱ्यालाच जुळत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं, आणि तुम्ही दोघींनीही तसं कधी करून दिलेलं नाही, असं तुम्ही सांगितलंत.

मिळकत. 40 आर म्हणजे जवळजवळ एक एकर. तीन वारसांत 1 हेक्टर 20 आरचा बरोबर तिसरा हिस्सा. आकडा पाहून "भाऊ त्याचाच वाटा विकतोय" असं वाटेल, आणि घोटाळा तिथेच आहे. वाटप न झालेल्या जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा त्यांना विकता येतो. पण वाटप किंवा मोजणी झाल्याशिवाय ठरावीक बाजूचा तुकडा स्वतःचा म्हणून तोडून देता येत नाही. चतुःसीमा पुन्हा वाचा : विहीर या पूर्वेच्या तुकड्यात, उत्तरेचा शिवरस्ताही याच तुकड्याला लागून. तुमच्या बाजूला "उर्वरित क्षेत्र" उरतं, त्याच्या पाण्याबद्दल आणि वाटेबद्दल नोटिशीत एक अक्षर नाही. हरकतीत क्षेत्राआधी विहीर आणि वाट लिहा.

हरकतीची मुदत. नोटीस शनिवारी, 8 मार्च 2025 रोजी छापून आली. छापल्याचा दिवस धरायचा नाही. 9 मार्च पहिला दिवस, 22 मार्च चौदावा. तोही शनिवार, आणि ऑफिस बंद असेल तर कागद कोणी घेणार नाही. हरकत टपालात टाकून भागत नाही, ती मुदतीत पोहोचली पाहिजे. म्हणून सोमवारी 17 तारखेला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत हाताने देऊन दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. प्रसिद्धीची तारीख दिसेल असं वर्तमानपत्राचं पूर्ण पान जपून ठेवा. नुसत्या कात्रणावर तारीख नसते.

"मूळ कागदपत्रांसह" असं म्हटलं असलं तरी मूळ कागद हातचे सोडू नका. सातबारा, 8-अ, वारसाचा फेरफार आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला यांच्या छायाप्रती जोडा आणि "मूळ कागद पाहण्यास दाखवू" एवढं लिहा.

मुदत चुकली म्हणून वारसाहक्क बुडत नाही. "सोडून दिला असे समजून" हे नोटीस देणाऱ्याचं म्हणणं आहे, कायद्याचा निकाल नव्हे. पण गप्प राहिलात तर खरेदीदार उद्या कोर्टात "मी जाहीर विचारलं, कोणी आलं नाही" असं सांगून प्रामाणिक खरेदीदार असल्याचा बचाव घेईल. लेखी हरकत हातात पडली की ते त्याला म्हणता येत नाही.

हरकतीने खरेदीखताची नोंदणी मात्र थांबत नाही. त्यासाठी वाटपाचा दावा आणि मनाईचा अर्ज लागेल, आणि महाराष्ट्रात त्या दाव्याची लिस पेंडन्स नोटीस, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागेल. धाकट्या बहिणीची सही याच हरकतीवर घ्या. रविवारपर्यंत त्या सासवडला येऊ शकत नसतील तर त्यांची हरकत वेगळी लिहून देतो.