भाषाभ्यास : समूहदर्शक शब्द (प्राणी आणि माणसे)

इयत्ता सहावी. वहीत सोडवा. शुक्रवारी वर्गात पडताळू.

नांदूरमध्यमेश्वरच्या सहलीत मनोऱ्यावर चढल्या चढल्या कोणीतरी ओरडलं, "बाई, पक्षांचा कळप!" दुर्बीण माझ्या हातात होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. त्या तीन शब्दांत चुका दोन.

पहिली चूक 'कळप'. कळप जमिनीवर चालतो: गुरांचा, हरणांचा, हत्तींचा. उडणाऱ्यांचा थवा. दुसरी चूक जास्त गमतीची आहे. पक्षी, पक्ष्यांचा. 'पक्षांचा' लिहिलंत तर निवडणुकीतले पक्ष होतात, आणि त्यांचा थवा गोदावरीवर उतरला तर वनखात्याने काय करायचं? अशीच जोडी मासा आणि माशी यांची. माशांचा म्हणजे मासे, माश्यांचा म्हणजे गुळावर बसतात त्या. एका 'य'ने प्राणी बदलतो.

शब्द पाठ करण्याआधी एवढं बघा, की तो घोळका जमून करतोय काय. नुसते पुष्कळ असून भागत नाही. तांडा बिऱ्हाड घेऊन प्रवासाला निघतो, म्हणून उंटांचा तांडा, लमाणांचा तांडा. टोळीच्या मनात काहीतरी असतं: दरोडेखोरांची टोळी, आणि सप्तशृंगी गडावर हातातला प्रसाद ओढणारी माकडांची टोळीही. ऊसतोड कामगारांचीसुद्धा टोळीच म्हणतात. तिथे त्या शब्दात काही वाईट नाही. तुकडीला शिस्त असते, म्हणून सैनिकांची तुकडी. तुमच्या वर्गालाही तुकडी म्हणतात. मधल्या सुट्टीत ते पटत नाही.

मेंढरांचा कळप, हे पुस्तकातलं उत्तर आणि ते बरोबरच आहे. पण दिवाळीनंतर सिन्नरच्या रस्त्याला धनगर भेटले तर विचारा. ते 'वाडा' म्हणतील. त्यात मेंढरं आली, घोडी, कुत्री, पाठीवरचं सामान, बायकापोरं, सगळं आलं. गुरांसाठी 'खिल्लार' हाही शब्द आहे. त्याच नावाची बैलांची जातही आहे, म्हणून वाक्य नीट वाचून अर्थ लावा.

मधमाश्यांचे मोहोळ, मुंग्यांची रांग, वारकऱ्यांची दिंडी, खेळाडूंचा संघ, ढोल वाजवणाऱ्यांचे पथक: हे तुम्हाला येतात, पुढे जाऊ.

प्रश्न १. उतारा वाचून समूहदर्शक शब्द अधोरेखित करा.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा. आदल्या दिवशी आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला उभे होतो. एका मागून एक दिंडी येत होती. चहाच्या टपरीभोवती घोळका जमला होता. एस.टी. आली तशी दारात झुंबड उडाली आणि आजीची पिशवी खाली पडली. एका लिंबाला आग्या मोहोळ लागलेले. पोरांच्या टोळक्याने दगड उचलला, तसे भजनी मंडळातले एक काका टाळ थांबवून खेकसले. संध्याकाळी बगळ्यांची माळ डोंगराकडे गेली.

प्रश्न २. रांग, जमाव, घोळका, झुंबड यांपैकी योग्य शब्द भरा. प्रत्येक शब्द एकदाच वापरा.
(अ) रेशनच्या दुकानापुढे सकाळी सातलाच ____ लागली.
(आ) बुधवारच्या बाजारात गारुड्याभोवती पोरांचा ____ होता.
(इ) पोलिसांनी चौकातला ____ पांगवला.
(ई) फुकट वह्या मिळणार म्हटल्यावर एकच ____ उडाली.

प्रश्न ३. चूक शोधा, वाक्य पुन्हा लिहा. (समूह एक, म्हणून क्रियापदही एकवचनी.)
(अ) पोपटांचा थवा पेरूच्या झाडावरून उडाले.
(आ) हरणांची कळप पळाली.
(इ) आमच्या शाळेचा संघ जिंकले.

प्रश्न ४. 'आखाडा' शब्दाचे दोन अर्थ वाक्यात वापरा. एक पैलवानांचा. दुसरा नाशिककरांना वेगळा सांगायला नको: सिंहस्थात वैष्णव साधूंचे आखाडे रामकुंडावर स्नान करतात, शैवांचे त्र्यंबकेश्वरी.

प्रश्न ५. बिबट्यासाठी समूहदर्शक शब्द का सापडत नाही? दोन वाक्यांत लिहा. निफाडकडची मुले हा प्रश्न आधी सोडवतील, त्यांची वही बघू नका.

प्रश्न ६. घरच्या मोठ्या माणसांना विचारून पुस्तकात नसलेला एक शब्द आणा. मागच्या वर्षी एकाने 'लेंढार' आणला होता. आजी त्याला आणि त्याच्या चुलत भावंडांना मिळून तसंच म्हणायची.

प्रश्न २ व ३ची उत्तरे (आधी सोडवा, मग बघा) : २. रांग, घोळका, जमाव, झुंबड. ३. थवा उडाला, हरणांचा कळप पळाला, संघ जिंकला.